टँकचं कोटेशन: भाव कशाचा, कधीपर्यंत, टॅक्स किती आणि मुदत कधीपासून

प्रश्न: सर, माझं शिरोली एमआयडीसीत छोटं एसएस फॅब्रिकेशनचं शॉप आहे. कुडाळच्या एका कोकम आगळ बनवणाऱ्या पार्टीने फोनवर 1000 लिटरच्या एसएस टँकचं कोटेशन मागितलंय. आजपर्यंत मी व्हॉट्सॲपवर नुसता रेट टाकायचो, आता त्यांना लेटरहेडवर पाहिजे. स्पेसिफिकेशन, व्हॅलिडिटी, जीएसटी, टर्म्स हे नक्की कसं लिहायचं?

उत्तर: लेटरहेड, फॉन्ट, विषय वगैरे सोडा, ते कोणीही करून देईल. तुमच्या केसमधे मुख्य गोष्ट म्हणजे आगळ. "1000 लिटर एसएस टँक" एवढ्यावर रेट काढला तर नव्वद टक्के शॉपवाले 304 धरतात, आणि आगळ म्हणजे कोकमाचा रस अधिक भरपूर मीठ, म्हणजे आंबटही आणि खारटही. मिठातलं क्लोराईड 304 ला बारीक खड्डे पाडतं, आधी वेल्डच्या कडेने चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके येतात आणि मग पिनहोल. त्यामुळे पहिलं काम कोटेशन लिहिणं नाही, पहिलं काम पार्टीला फोन करून चार गोष्टी विचारणं. आत काय ठेवणार, मीठ घातलेलं की बिनमिठाचं, गरम भरणार की गार, आणि एका वेळी किती दिवस ठेवणार. उत्तर "खारवलेलं आगळ, गार, हंगामभर" असं आलं तर 316एल कोट करा, आणि पत्रात ग्रेडच्या आधी वापर लिहा. "खारवलेले कोकम आगळ, सामान्य तापमानाला साठवण" ही ओळ स्पेसिफिकेशनच्या डोक्यावर पाहिजे. पुढे त्याच टँकमधे त्यांनी दुसरं काही भरलं, किंवा धुवायला ब्लीचिंगचं पाणी रात्रभर भरून ठेवलं आणि टँक सडला, तर तुम्ही कशासाठी टँक दिला होता हे दाखवायला ही एकच ओळ उपयोगी पडते.

आता स्पेसिफिकेशन. माझा साधा नियम, ज्या गोष्टीने वजन बदलतं किंवा मजुरी बदलते ती प्रत्येक गोष्ट पत्रात आली पाहिजे, बाकीची नाही आली तरी चालेल. 1000 लिटर म्हणजे काठोकाठ 1000 का वापरायचे 1000? तुम्ही 1000 एमएम व्यास आणि 1250 एमएम शेलची उंची धरली तर नुसता सिलिंडर साधारण 980 लिटर होतो आणि खालच्या डिशचे अजून 100 च्या आसपास, म्हणजे एकूण 1080 आणि वापरायचे 1000. हे असंच लिहायचं, वर्किंग 1000, एकूण अंदाजे 1080. नाहीतर पार्टी बादलीने मोजून भरते आणि 1000 ला काठ लागला की फोन येतो.

जाडीचं तर फार महत्त्वाचं. या टँकच्या शेलचं क्षेत्रफळ साधारण 3.93 चौरस मीटर आहे, स्टेनलेसचं वजन दर चौरस मीटरला दर एमएम जाडीमागे साधारण 8 किलो धरलं तर 3 एमएममधे नुसता शेल 94 किलोचा होतो आणि 2.5 मधे 78 चा. म्हणजे 16 किलोचा फरक नुसत्या शेलमधे, आणि 316 च्या भावाने हा फरक पार्टीच्या डोळ्यात भरण्याएवढा होतो. तुमच्या शेजारचा शॉपवाला नुसतं "हेवी गेज" लिहून 2.5 मधे कोट करेल आणि तुम्ही महाग दिसाल. तुम्ही शेल 3, खालची डिश 3, वरचं झाकण 2 असं वेगवेगळं लिहिलंत की पार्टी स्वतःच दुसऱ्याला फोन करून विचारते, तुमची जाडी किती. बाजारात 3 म्हणून मिळणारी शीट मोजली तर कधीकधी 2.8 च्या आसपास भरते, म्हणून "नॉमिनल जाडी, मिल टॉलरन्ससह" हे शब्द घाला, नाहीतर कोणी व्हर्नियर लावून उभा राहतो.

ग्रेड कसा सिद्ध करणार तेही त्याच ठिकाणी लिहा. बऱ्याच पार्ट्या अजून चुंबक लावून बघतात, पण चुंबकाने 304 आणि 316 मधला फरक कळत नाही, दोन्ही साधारण सारखेच वागतात. 316 मधे 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, 304 मधे ते घातलेलं नसतं, म्हणून मोली टेस्टचा थेंब टाकला की लगेच कळतं, किंवा गनने पीएमआय करून घ्यायचं. पण "एल" म्हणजे कमी कार्बन हे नेहमीच्या एक्सआरएफ गनला दिसत नाही, त्यासाठी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट बघायचं. तुम्ही पत्रात "शीटचं मिल टेस्ट सर्टिफिकेट देऊ, मोली टेस्ट आमच्या शॉपमधे आपल्यासमोर करू, पीएमआय हवं असल्यास खर्च वेगळा" असं लिहा. हे लिहिणारा माणूस 304 घालणार नाही हे पार्टीला न सांगता कळतं. आणि पाय 304 चे असतील तर तसं उघड लिहा, पायांना आगळ लागत नाही, तिथे 316 घालून भाव वाढवायची गरज नाही. पण न लिहिता 304 चे पाय लावलेत आणि पार्टीने तिथे मोली टेस्ट केली, तर सगळ्या टँकवरचा विश्वास गेला.

व्हॅलिडिटीकडे येऊ. "15 दिवस व्हॅलिड" असं लिहिण्यापेक्षा तारीख लिहा, कारण 15 दिवस कधीपासून, पत्राच्या तारखेपासून की मेल मिळाल्यापासून, यावर वाद होतो. आणि नुसती तारीख पुरत नाही, त्या तारखेपर्यंत काय पोचलं पाहिजे तेही लिहा. फोनवर "करा चालू" म्हणणं म्हणजे ऑर्डर नाही. लेखी ऑर्डर आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही त्या तारखेच्या आत आले तरच हा भाव. 316 मधे 10 ते 14 टक्के निकेल असतं, 304 पेक्षा जास्त, वर मॉलिब्डेनम, त्यामुळे याचा भाव 304 पेक्षा जास्त उड्या मारतो. 8 मार्च 2022 ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि एक्स्चेंजने ट्रेडिंगच थांबवलं. तसा दिवस रोज येत नाही, पण शीटचा डीलर तुम्हाला भाव दोन-तीन दिवसांचाच देतो आणि तुम्ही पार्टीला महिन्याचा देता, म्हणजे मधली सगळी जोखीम तुमच्या खिशातून. म्हणून डीलरकडून किती दिवस भाव मिळतो ते विचारून मगच व्हॅलिडिटी ठरवा. 304 ला 15 दिवस ठीक, 316 ला मी 10 च्या वर जात नाही, आणि पार्टीने जास्त मागितले तर सांगतो की अ‍ॅडव्हान्स टाका, मी त्याच दिवशी शीट उचलतो, मग तुमचा भाव पक्का.

कायद्याचं थोडक्यात. अटी, किंमत, मुदत सगळं लिहिलेलं कोटेशन हे भारतीय करार कायदा 1872 प्रमाणे प्रस्ताव धरलं जाऊ शकतं. त्यात मुदत लिहिलेली असेल तर ती संपली की प्रस्ताव आपोआप संपतो, लिहिलेली नसेल तर "वाजवी काळ" म्हणजे किती यावर भांडत बसायचं. आणि मुदतीच्या आतसुद्धा, समोरच्याने होकार देण्याआधी तुम्ही प्रस्ताव मागे घेऊ शकता, पण ते त्याला कळवलं पाहिजे, आणि पुराव्यासाठी लेखीच कळवावं. भाव खूप उडाला तर गप्प बसून व्हॅलिडिटी संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी मेल करा.

टॅक्स. 300 लिटरच्या वरचा लोखंड किंवा स्टीलचा टँक एचएसएन 7309 मधे येतो, त्याखालचा 7310 मधे. तुमचा 1000 लिटरचा, म्हणजे 7309, जीएसटी 18 टक्के. कुडाळ महाराष्ट्रातच आहे म्हणून सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9. पण आगळवाल्यांचं बऱ्याचदा गोव्यातही ऑफिस असतं, म्हणून बिल कुठल्या जीएसटी नंबरवर आणि माल कुठे उतरणार हे दोन्ही आधीच विचारून घ्या. माल गोव्याला गेला तर आयजीएसटी 18 लागतो, आकडा तोच पण खातं वेगळं, आणि बिल एकीकडे माल दुसरीकडे असेल तर कोटेशन द्यायच्या आधी तुमच्या सीएला एक फोन करा, बिल झाल्यावर दुरुस्त करण्यात फार वेळ जातो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते "टॅक्ससह" आणि "टॅक्स वेगळा" यात. हिशेब बघा, आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही काढा. टँक 1,60,000, पॅकिंग 3,000, कुडाळपर्यंत गाडीभाडं 9,000. एकूण 1,72,000. पॅकिंग आणि भाडं तुम्ही तुमच्या बिलात लावता तेव्हा त्यावरही टँकचाच 18 टक्के लागतो, हे बरेच जण विसरतात आणि भाड्यावर टॅक्स धरत नाहीत. तर जीएसटी 30,960, म्हणजे सीजीएसटी 15,480 आणि एसजीएसटी 15,480, सगळं मिळून 2,02,960. आता हेच 1,72,000 लिहून पुढे काहीच लिहिलं नाही आणि पार्टी म्हणाली की आम्ही हे सगळं धरून समजलो, तर त्यातली मूळ किंमत उरते 1,45,763 आणि 26,237 रुपये टॅक्सपोटी तुमच्या खिशातून जातात. टँकमधला नफाच साधारण तेवढा असतो. म्हणून नुसतं "टॅक्स ॲज ॲप्लिकेबल" लिहू नका, टक्का, रक्कम आणि टोटल तिन्ही लिहा. आणि "पुरवठ्याच्या दिवशी लागू असेल तो दर" हेही. माल विक्री कायदा 1930 च्या कलम 64अ प्रमाणे, करार झाल्यावर टॅक्स वाढला किंवा कमी झाला तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो फरक किमतीत धरता येतो, पण पार्टीला कायदा वाचून दाखवण्यापेक्षा पत्रातली ओळ दाखवणं सोपं. सप्टेंबर 2025 मधे जीएसटीचे स्लॅब बदलले तेव्हा ज्यांच्या कोटेशनमधे ही ओळ नव्हती त्यांना प्रत्येक पार्टीशी वेगळं बोलायला लागलं असणार.

एक बारीक गोष्ट. पार्टी रेग्युलर जीएसटीत असेल आणि तिला क्रेडिट मिळत असेल तर ती 1,72,000 ची तुलना करते, कंपोझिशनमधे असेल तर तिला क्रेडिट नाही, तिच्यासाठी खरा भाव 2,02,960. दोन्ही आकडे ठळक दिसले तर दोघांचंही काम होतं.

आता सप्लायच्या टर्म्स. यात मुदत कधीपासून मोजायची हाच खरा मुद्दा. कोकमाचा हंगाम एप्रिल-मेचा, आगळ तेव्हाच बनतं. पार्टी मार्चमधे कोटेशन घेते, बोलण्यात दोन आठवडे घालवते, ड्रॉइंग आठवडाभर मोबाईलमधे पडून राहतं, आणि मग म्हणते तुम्ही चार आठवडे म्हणाला होता, हंगाम निघून गेला. म्हणून लिहायचं, चार आठवडे, पण लेखी ऑर्डर, अ‍ॅडव्हान्स आणि सही केलेलं ड्रॉइंग यातलं जे शेवटी येईल त्या तारखेपासून. आणि पार्टीचं हित म्हणून फोनवरही सांगा की 20 एप्रिलला टँक पाहिजे असेल तर 23 मार्चपर्यंत तिन्ही गोष्टी माझ्याकडे पाहिजेत. हे ऐकून चांगली पार्टी तुमच्यावर खूष होते, तिलाही हंगाम घालवायचा नसतो.

अ‍ॅडव्हान्स 40 टक्के, पण कशाचे? टोटलचे असतील तर 81,184, टॅक्स सोडून असतील तर 68,800, बारा हजारांचा फरक आहे. मी टॅक्स सोडून घेतो, पूर्ण टॅक्स शेवटच्या पेमेंटबरोबर. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर जीएसटी भरायचा नसतो, 15 नोव्हेंबर 2017 पासून तसं आहे, तो बिल करताना लागतो. बाकीची रक्कम माल गाडीत चढण्याआधी, प्रोफॉर्मावर. क्रेडिट मागितलं तर दिवस लिहून द्या, आणि उद्यम नंबर पत्रावर टाका. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु असाल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने लेखी ठरलेली मुदतही 45 दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, लेखी काही नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्यामागे चक्रवाढ व्याज. पार्टीच्या अकाउंटंटला इन्कम टॅक्समुळेही हे माहीत असतं, उद्यम नंबर बघितला की तो तुमचं बिल वर ठेवतो.

उतरवणं कुणाचं तेही लिहा. टँक हलका दिसतो पण पाय, झाकण धरून दीडशे किलोच्या पुढे जातो आणि 1000 चा गोल आहे, पाय धरून उंची दोन मीटरच्या आसपास. शेडचं दार किती रुंद किती उंच हे विचारलं नाही तर गाडी गेटवर उभी राहते आणि हायड्रा शोधायची वेळ येते.

पत्र मी असं लिहीन:

संदर्भ क्र. 47, आवृत्ती 0. दिनांक 10 मार्च 2026.

विषय: 1000 लिटर एसएस 316एल साठवण टँकचे कोटेशन. आपल्या 7 मार्चच्या फोनवरील चौकशीनुसार.

वापर: खारवलेले कोकम आगळ, सामान्य तापमान, दाब नाही.

क्षमता: वर्किंग 1000 लिटर, एकूण अंदाजे 1080. व्यास 1000 एमएम, शेल उंची 1250 एमएम. खाली डिश, वर कोन झाकण.

मटेरियल: आगळाला लागणारे सर्व भाग एसएस 316एल, शेल व डिश 3 एमएम, झाकण 2 एमएम, नॉमिनल जाडी मिल टॉलरन्ससह. पाय व बेसप्लेट एसएस 304.

फिटिंग: 400 एमएम मॅनहोल, 51 एमएम टीसी आउटलेट बटरफ्लाय व्हॉल्व्हसह, 38 एमएम व्हेंट, फूड ग्रेड सिलिकॉन गॅस्केट.

वेल्डिंग व फिनिश: टिग, 316एल फिलर, आतून वेल्ड घासून सपाट व पॉलिश, बाहेरून मॅट.

तपासणी: पाणी भरून लीक टेस्ट व मोली टेस्ट आमच्या शॉपमधे. मिल टेस्ट सर्टिफिकेट सोबत.

किंमत: टँक 1,60,000, पॅकिंग 3,000, कुडाळपर्यंत भाडे 9,000, एकूण 1,72,000. एचएसएन 7309, सीजीएसटी 9 टक्के 15,480, एसजीएसटी 9 टक्के 15,480. एकंदर 2,02,960. पुरवठ्याच्या दिवशी लागू असेल तो जीएसटी.

व्हॅलिडिटी: 20 मार्च 2026 संध्याकाळी 6 पर्यंत लेखी ऑर्डर व अ‍ॅडव्हान्स मिळाल्यास.

पेमेंट: टॅक्स सोडून किमतीच्या 40 टक्के अ‍ॅडव्हान्स, उरलेली रक्कम पूर्ण जीएसटीसह डिस्पॅचपूर्वी.

डिलिव्हरी: ऑर्डर, अ‍ॅडव्हान्स व मंजूर ड्रॉइंग यातील शेवटच्या तारखेपासून 4 आठवडे.

आपल्याकडे: गाडीतून उतरवणे, जागेवर बसवणे, पाइपिंग. ट्रान्झिट इन्शुरन्स हवा असल्यास आधी कळवावे.

वॉरंटी: डिस्पॅचपासून 12 महिने, बनावटीतील दोषासाठी. वर लिहिलेल्या वापराव्यतिरिक्त वापर किंवा क्लोरीनयुक्त क्लीनरने झालेली झीज यात नाही.

एवढंच. एका पानात बसतं. खाली सही, जीएसटी नंबर, उद्यम नंबर, बँकेची माहिती.

यानंतर पार्टी घासाघीस करणारच. भाव कमी करायचा असेल तर काहीतरी काढून कमी करा, म्हणजे झाकण 1.5, किंवा बाहेरचं मॅट फिनिश नको, किंवा भाडं त्यांच्याकडे, आणि नवं पत्र आवृत्ती 1 म्हणून नव्या तारखेने द्या, वर "आवृत्ती 0 रद्द" असं लिहून. जुन्याच पत्रावर पेनाने आकडा खोडून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका, दोन महिन्यांनी कोणता फोटो शेवटचा हे कुणालाच सांगता येत नाही. काहीही न काढता पाच हजार सोडलेत तर पार्टीला वाटतं पहिल्याच आकड्यात हवा होती.

आणि पार्टीची पीओ आली की ती नीट वाचा, मागचं पान सुद्धा. कायद्याने होकार बिनशर्त पाहिजे, समोरच्याने अटी बदलून पाठवल्या तर तो होकार नसतो, तो त्यांचा नवा प्रस्ताव असतो, आणि तुम्ही गप्प बसून काम सुरू केलंत तर तुम्ही त्यांच्या अटी मान्य केल्या असं धरलं जाऊ शकतं. मागच्या पानावर बहुतेक वेळा असतं, उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड, पेमेंट 60 दिवस, भाव टॅक्ससह. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मेल करा: "आपली पीओ मिळाली. पेमेंट, टॅक्स व डिलिव्हरी आमच्या संदर्भ 47 प्रमाणे धरत आहोत, सुधारित पीओ पाठवावी, ती आल्यावर शीट उचलू." ती सुधारित पीओ हातात येईपर्यंत 316 ची शीट खरेदी करू नका.